मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरच्या रजेचा अर्ज: ‘हलके काम’ म्हणजे नेमकं काय लिहू?

पॅकिंगवाला | ३ जून २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात डिस्पॅचला आहे, नऊ वर्षं झाली. मूळव्याधीचा त्रास तीन वर्षांपासून. आता मोड बाहेर येतात आणि हाताने आत ढकलावे लागतात. सर्जननी तपासून सांगितलं की तीन मोड आहेत, तिसरा टप्पा आहे, कापून काढावे लागतील. गुरुवारी १३ जूनला ऑपरेशन ठरलंय. गुरुवार आमची साप्ताहिक सुट्टी, म्हणून मुद्दाम तो दिवस घेतला.

डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे विश्रांती आणि पुढचे तीन आठवडे हलकं काम. अर्ज असा लिहिलाय:

> महोदय, मला मूळव्याधीचा त्रास असल्याने माझे ऑपरेशन होणार आहे. तरी मला सुमारे तीन आठवडे रजा मिळावी. बरे वाटल्यावर हजर होईन. त्यानंतर काही दिवस हलके काम द्यावे ही नम्र विनंती.

माझं काम म्हणजे भरलेले क्रेट उचलून पॅलेटवर रचणं. एक क्रेट १६ ते १८ किलोचा भरतो. दोन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. त्याने असाच अर्ज दिला होता आणि आठव्या दिवशी त्याच्या हातात ट्रॉली होती. तसं माझ्याबाबतीत होऊ नये. अर्जात काय कमी आहे ते सांगा. शाळेनंतर असं काही लिहिलेलं नाही.

रानवारा | ३ जून, रात्री १०:१५

दादा, ऑपरेशनची घाई करू नका. सुरण तुपात परतून खा, दुपारी ताक घ्या, मैदा बंद. माझ्या सासऱ्यांना दोन महिन्यांत आराम पडला.

पॅकिंगवाला | ३ जून, रात्री १०:३०

ताई, ते सगळं दीड वर्ष केलं. ताक तर अजूनही रोज घेतो. आता ऑपरेशनचं नक्की झालंय, विचारतोय ते फक्त अर्जाबद्दल.

घाटमाथा | ३ जून, रात्री ११:०२

तीन आठवडे कशाला? माझं लेझरने केलं. सोमवारी ऑपरेशन, शुक्रवारी मी ऑफिसात. डॉक्टर बदला. आणि कारखान्यात आहात म्हणजे ईएसआय असणार. ईएसआयमध्ये ऑपरेशनच्या रजेला पूर्ण पगार मिळतो, काळजीच नाही.

सिस्टरताई | ४ जून, सकाळी ७:२०

मी सर्जिकल वॉर्डमध्ये २६ वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. घाटमाथा, तुमचं लवकर भरलं याचा आनंद आहे. पण लेझर बहुतेक लहान मोडांना करतात, आणि तुमचं काम टेबलावरचं. यांचे तीन मोड कापणार. त्या जखमा बहुधा टाके न घालता उघड्याच ठेवतात, आतून भरत येऊ देतात. तीन-चार आठवडे तिथून थोडा स्राव येतच राहतो, पूर्ण भरायला सहा आठवडेही लागतात. तीन अधिक तीन हे डॉक्टरांनी हिशेबाने सांगितलंय.

पॅकिंगवाले दादा, तुमच्या अर्जातला सगळ्यात धोक्याचा शब्द ‘हलके काम’ हाच आहे. आपल्याकडे हलकं काम म्हटलं की लोक खुर्ची देतात. हात मोडला असेल तर ते बरोबर आहे. पण तुम्हाला आठ तास स्टुलावर बसवलं तर ते क्रेट उचलण्याइतकंच वाईट. ओझं नको, आणि एका जागी बसून राहणंही नको. हे स्पष्ट लिहिलं नाही तर सुपरवायझर चांगल्या मनाने तुम्हाला नको तेच काम देईल.

वळणवाट | ४ जून, सकाळी ८:०५

ताईंचं अक्षर न् अक्षर खरं आहे. मी एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे गाडी चालवायचो. ऑपरेशन झाल्यावर सोळाव्या दिवशी गेलो. मालक माणूस भला. म्हणाला, गाडीवर जाऊ नकोस, ऑफिसात बसून बिल्ट्या लिही. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवर. तिसऱ्या दिवशी पँटला डाग. लाजेने कुणाला सांगितलं नाही, सुट्टी मागितली नाही. परत दहा दिवस घरी झोपून काढले, तेही बिनपगारी. मालकाला दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

टाइमऑफिस | ४ जून, दुपारी १:१०

मी भोसरीच्या एका कंपनीत टाइम ऑफिस सांभाळलं, १८ वर्षं. अर्ज वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

‘सुमारे’ आणि ‘बरे वाटल्यावर’ हे दोन्ही शब्द काढा. अशा अर्जावर आम्ही पहिल्यांदा लिहायचो, “तारीख स्पष्ट करावी”, आणि अर्ज परत जायचा. तुमचं ऑपरेशन १३ तारखेला, त्या दिवशी सुट्टीच आहे. म्हणजे रजा १४ जूनपासून. २१ दिवस धरले तर ४ जुलैला संपते, तोही गुरुवारच. हजर व्हायचं शुक्रवारी ५ जुलैला. मधले गुरुवार २०, २७ आणि ४ असे तीन. तेव्हा कामाचे दिवस १८ भरतात. मधल्या सुट्ट्या रजेत धरतात की नाही हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, ते आधीच विचारून घ्या. तुमच्या खात्यावर किती रजा आहे?

दुसरं. डॉक्टरांचा दाखला आणि अर्ज यांच्या तारखा जुळल्या पाहिजेत. डॉक्टर नुसतं ‘तीन आठवडे विश्रांती’ लिहितात. मग कारकून भरती झाल्याच्या तारखेपासून मोजतो आणि अर्ज करणारा घरी आल्याच्या तारखेपासून. दोन-तीन दिवसांचा फरक पडतो आणि ते दिवस गैरहजेरीत जातात. दाखल्यावर ‘१४ जून ते ४ जुलै, दोन्ही दिवस धरून’ असं लिहून मागा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का बघून घ्या.

तिसरं घाटमाथा यांच्यासाठी. ईएसआयमध्ये आजारपणाच्या रजेला पूर्ण पगार मिळत नाही, सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतो आणि पहिले दोन दिवस धरत नाहीत. पूर्ण रोज मिळतो तो कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेला. तिथे तुमचा घोटाळा झालेला दिसतो.

घाटमाथा | ४ जून, दुपारी २:३०

बरोबर आहे, मेहुण्याच्या नसबंदीच्या वेळी मी ऐकलं होतं. मला वाटलं सगळ्याच ऑपरेशनना तसं असतं. लेझरबद्दल मात्र मी अजूनही म्हणेन, एकदा विचारून बघायला काय हरकत आहे.

पॅकिंगवाला | ४ जून, रात्री ९:१५

विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुमच्या मोडांना लेझरने पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त.

टाइमऑफिस काका, पीएल ११ आणि सीएल ४, एकूण १५. म्हणजे तीन दिवस बिनपगारी. ईएसआयचा आता संबंध नाही बहुतेक, कारण मे महिन्याच्या पगारवाढीत माझा पगार २१ हजारांच्या वर गेला.

टाइमऑफिस | ४ जून, रात्री १०:००

वाढ एप्रिलपासून की मेपासून? पगाराच्या चिठ्ठीत ईएसआयचे पाऊण टक्का कापलेत का ते बघा. सहामाही १ एप्रिलला सुरू होते. तेव्हा तुम्ही मर्यादेत असाल आणि नंतर वाढ झाली असेल, तर ३० सप्टेंबरपर्यंत तुम्ही ईएसआयमध्येच राहता. कापणं चालू असेल तर हक्कही चालू आहे.

पॅकिंगवाला | ४ जून, रात्री १०:२५

मेच्या चिठ्ठीत कापलेत! मला वाटलं चुकून कापले. पण ऑपरेशन खासगी दवाखान्यात ठरवलंय, कंपनीच्या मेडिक्लेममधून.

टाइमऑफिस | ४ जून, रात्री १०:४०

मग नीट विचार करा. ज्या दिवसाचा पगार पीएलमधून घ्याल त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळणार नाहीत, दोन्ही एकदम घेता येत नाहीत. आणि ईएसआयला दाखला त्यांच्याच डॉक्टरांचा लागतो. खासगी सर्जनचा कागद आधार म्हणून दाखवता येतो, पण शेवटी त्यांनी मान्य करायला हवा. बिनपगारी दिवस वाढतील असं दिसलं तर लगेच दवाखान्यात जाऊन नोंद करा. मागच्या तारखेचा दाखला नंतर मिळवणं फार अवघड.

कॅशकाउंटर | ५ जून, सकाळी ६:५०

मी पतसंस्थेत कॅशला आहे. माझा प्रश्न वेगळा, पण याच अर्जाचा. आजाराचं नाव लिहायलाच हवं का? दादांचा अर्ज सुपरवायझर वाचणार, टाइम ऑफिसचा शिपाई वाचणार, दुपारपर्यंत सगळ्या शॉपला कळणार. मी माझ्या अर्जात फक्त ‘शस्त्रक्रिया’ लिहिलं होतं. आमचे अधिकारी तीन वेळा विचारत राहिले, “कसली शस्त्रक्रिया?” मी सांगितलं नाही. पण मग दर तासाला उठण्याची मुभा मागितली तेव्हा ते म्हणाले, कारण माहीत नसताना कशी देऊ? तिथे मी अडकले. शेवटी रडत रडत सांगावं लागलं, आणि ते मला फार लागलं.

टाइमऑफिस | ५ जून, दुपारी १२:४५

ताई, तुमच्याबाबतीत झालं ते व्हायला नको होतं. यातून वाट अशी काढता येते. अर्जात ‘शस्त्रक्रिया’ एवढंच, आणि शरीरावरची बंधनं मात्र नेमकी. ओझं किती, बसणं किती, स्वच्छतागृहाची गरज किती. काम देणाऱ्याला तेवढंच लागतं. आजाराचं नाव दाखल्यावर येतं. तो दाखला बंद पाकिटात फक्त एचआरकडे द्यायचा आणि अर्जात तसा उल्लेख करायचा. दादांचा मेडिक्लेम असल्याने एचआरला नाव कळणारच आहे, सुपरवायझरला कळायची गरज नाही.

वळणवाट | ५ जून, दुपारी ३:२०

मला पटत नाही. मी नाव लपवलं म्हणूनच माझे हाल झाले. मूळव्याध हा काय चोरीचा माल आहे? सरळ लिहा. शॉपमधल्या पाचजणांना तरी असेल, तेच येऊन विचारतील की कुठे केलंस.

कॅशकाउंटर | ५ जून, दुपारी ४:०५

दादा, बाईमाणसाने चार पुरुषांच्या ऑफिसात ते सरळ लिहायचं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला नाही कळणार. रागावू नका.

वळणवाट | ५ जून, दुपारी ४:३०

रागावलो नाही. तेवढा विचार मी केला नव्हता.

सिस्टरताई | ५ जून, सायंकाळी ६:१०

बंधनं कोणती लिहायची ते सांगते. दादा, ही तुमच्या सर्जनना दाखवा आणि त्यांच्याकडून दाखल्यावर घ्या. नुसती अर्जात असली तर ती तुमची इच्छा ठरते, दाखल्यावर आली की डॉक्टरांचा सल्ला.

ओझं उचलताना माणूस श्वास रोखतो आणि पोटावर जोर देतो. तो जोर खाली जखमेवर उतरतो. म्हणून उचलणं, ढकलणं आणि ओढणं हे तिन्ही लिहा, नाहीतर ‘उचलायचं नाही ना, मग ट्रॉली ढकल’ असं होतं. तुमच्या सहकाऱ्याचं तेच झालं असणार. आम्ही साधारण पाच किलो सांगायचो.

बसण्याबद्दल ‘सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त एका स्थितीत नाही’ असं लिहा. मधे भोक असलेली रबराची चकती बरेचजण आणतात. आमचे सर्जन ती वापरू नका म्हणायचे, कारण भोकाच्या जागी भाग खाली लोंबतो आणि सूज येते. ते मऊ सपाट उशी सांगायचे. दुसरे डॉक्टर चकतीच सांगतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचं ऐका.

आता शिफ्ट. हे कुणी लिहीत नाही आणि त्रास इथेच होतो. तुमची पहिली शिफ्ट किती वाजता?

पॅकिंगवाला | ५ जून, रात्री ९:००

सातला. मोशीहून बस पावणेसहाला पकडावी लागते, चाकणचा ट्रॅफिक माहितीच आहे. जनरल शिफ्ट साडेआठची, पण ती ऑफिसवाल्यांना.

सिस्टरताई | ५ जून, रात्री ९:३५

मग जनरल शिफ्ट मागा. शौचाला घाई न करता जायचं आणि आल्यावर दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्याच्या टबात बसायचं, यात सकाळचा पाऊण-एक तास जातो. पावणेसहाची बस असेल तर माणूस एकतर जोर करतो, नाहीतर कळ दाबून निघतो. दाबली की मल कडक होतो आणि दुसऱ्या दिवशी ती जखम उसवते. रात्रपाळीत झोप आणि जेवण बिघडून तेच होतं. कारण लिहायला संकोच वाटत असेल तर ‘सकाळच्या वैद्यकीय उपचारासाठी’ एवढं पुरतं.

कामावर टब मिळणार नाही, ते घरी सकाळ-संध्याकाळ. पण पॅड बदलायला शिफ्टमध्ये दोनदा पंधरा-पंधरा मिनिटं लागतील. तेही मागा.

टाइमऑफिस | ६ जून, दुपारी १:००

आणखी दोन गोष्टी, मग मी थांबतो.

हजर होताना फिटनेसचा दाखला लागतो. त्यावर नुसतं ‘कामावर रुजू होण्यास योग्य’ आलं की तुम्ही पूर्ण कामाला योग्य ठरता आणि आधीचा हलक्या कामाचा कागद निकामी होतो. माझ्यासमोर हे कितीदा झालंय. ‘५ जुलैपासून मर्यादित कामास योग्य, २५ जुलैपर्यंत’ असं लिहून घ्या आणि खाली बंधनं.

दुसरं, ‘आमच्याकडे हलकं काम नाही’ हे उत्तर येऊ शकतं. आमच्या कंपनीत हलकं काम सोय म्हणून द्यायचे, हक्क म्हणून कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही. म्हणून अर्जात पर्याय ठेवा. ते शक्य नसेल तर तेवढे दिवस रजा वाढवून द्यावी. नाहीतर पूर्ण कामाला ‘हो’ म्हणण्यावाचून तुमच्या हातात काही राहत नाही.

पॅकिंगवाला | ७ जून, रात्री १०:५०

आज डॉक्टरांना भेटलो. वजनाची आणि बसण्याची मर्यादा त्यांनी स्वतःच्या हाताने दाखल्यावर लिहून दिली. चकतीबद्दल म्हणाले, नको, मऊ उशी घ्या. अर्ज पुन्हा लिहिला:

> प्रति,
> मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
> मार्फत: शिफ्ट सुपरवायझर, डिस्पॅच विभाग
>
> विषय: शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी रजा आणि त्यानंतर मर्यादित काम मिळण्याबाबत
>
> महोदय,
> गुरुवार, दि. १३ जून २०२४ रोजी माझी शस्त्रक्रिया होणार आहे. डॉक्टरांनी दि. १४ जून ते ४ जुलै २०२४, दोन्ही दिवस धरून, २१ दिवस पूर्ण विश्रांती सांगितली आहे. या काळातील कामाचे दिवस १८ आहेत. त्यापैकी ११ दिवस पीएल, ४ दिवस सीएल व उरलेले ३ दिवस बिनपगारी रजा मंजूर करावी. मी शुक्रवार, दि. ५ जुलै रोजी हजर होईन.
>
> दि. ५ जुलै ते २५ जुलै या काळात डॉक्टरांनी पुढील बंधने घातली आहेत. ५ किलोपेक्षा जास्त वजन उचलणे, ढकलणे किंवा ओढणे नाही. सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ एकाच जागी बसून किंवा उभे राहून काम नाही. स्वच्छतागृह जवळ असावे व शिफ्टमध्ये दोन वेळा १५ मिनिटांची मुभा असावी. सकाळच्या वैद्यकीय उपचारासाठी जनरल शिफ्ट असावी, ओव्हरटाइम नसावा.
>
> लेबल लावणे, डिस्पॅचच्या नोंदी तपासणे, स्टिकर स्कॅन करणे ही कामे मला येतात व ती या बंधनांत बसतात. असे काम उपलब्ध नसल्यास तेवढ्या काळासाठी रजा वाढवून मिळावी. तपासणीत डॉक्टरांनी विश्रांती वाढवल्यास मुदत संपण्यापूर्वी दाखल्यासह कळवीन.
>
> वैद्यकीय दाखला बंद पाकिटात फक्त मनुष्यबळ विभागासाठी जोडला आहे.
>
> आपला विश्वासू

कामांची नावं मी स्वतः घातली. सुपरवायझरला शोधत बसायला नको.

टाइमऑफिस | ८ जून, सकाळी ११:३०

कामांची नावं घातलीत ते मला फार आवडलं, मला सुचलं नव्हतं. दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, तारखेसकट.

कॅशकाउंटर | ८ जून, दुपारी १:१५

पाकिटाची ओळ मी लिहून ठेवली. दादा, ऑपरेशन नीट होवो.

पॅकिंगवाला | २५ जून, सायंकाळी ५:२०

ऑपरेशन १३ ला झालं, १५ ला घरी आलो. पहिल्या शौचाला डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मग हळूहळू कमी होत गेलं. इसबगोल, पाणी आणि टब सोडला नाही.

रविवारी २३ ला, दहाव्या दिवशी, सकाळी अचानक खूप रक्त गेलं. गाठी होत्या, घेरी आली. भावाने लगेच दवाखान्यात नेलं. रात्रभर ठेवून घेतलं, आत पट्टी भरली, दुसऱ्या दिवशी थांबलं. डॉक्टरांनी विश्रांती ११ जुलैपर्यंत वाढवली. वाढीचा दाखला आज फोटो काढून एचआरला मेल केला आणि सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त तारखा कळवल्या. अर्जात आधीच ती ओळ असल्याने एचआरने एका ओळीत ‘नोंद घेतली’ असं उत्तर दिलं.

सिस्टरताई | २५ जून, सायंकाळी ६:००

बरं झालं लगेच गेलात. साधारण आठवड्यानंतर ते दोन आठवड्यांपर्यंत असं रक्त जाऊ शकतं. माणसाला वाटतं आता बरं झालं, आणि नेमकं तेव्हा होतं. शौचाबरोबर चार थेंब लाल रक्त दिसणं वेगळं. गाठी, भांडं भरेल इतकं रक्त, घेरी, ताप किंवा लघवी अडणं यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. म्हणूनच पंधराव्या दिवशी कामावर जाणाऱ्यांची मला भीती वाटते. हे शॉप फ्लोअरवर झालं असतं तर?

टाइमऑफिस | २६ जून, दुपारी १२:५०

हिशेब करा. १४ जून ते ११ जुलै म्हणजे २८ दिवस, चार गुरुवार वजा केले की कामाचे २४. पंधरा भरपगारी, नऊ बिनपगारी. आता ईएसआयच्या दवाखान्यात जाच, सगळे कागद घेऊन, आजच्या आज.

पॅकिंगवाला | १६ जुलै, रात्री ९:१०

शुक्रवारी १२ ला हजर झालो. दाखल्यावर ‘मर्यादित कामास योग्य, १ ऑगस्टपर्यंत’ असं आहे.

पहिल्या दिवशी सुपरवायझरने प्रेमाने सांगितलं, “ये, तुला इन्स्पेक्शनचं टेबल ठेवलंय, आरामात बस.” स्टूल लोखंडी. मी अर्जाची पोच काढून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, “मला वाटलं बसणंच चांगलं.” मग अर्धा तास टेबलावर लेबल लावायचं आणि अर्धा तास रॅकपाशी फिरत स्कॅनिंग करायचं, असं ठरवलं. क्रेट दुसरा मुलगा ठेवतो. जनरल शिफ्ट मिळाली, पण ती बस पूर्ण भरलेली असते. पहिल्या दिवशी तासभर उभा राहिलो. आता पुढची एक सीट सोडतात.

शॉपमध्ये नाव कुणाला माहीत नाही. दोघांनी पोटाचं का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. वळणवाट दादा, सरळ सांगावं की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ईएसआयमध्ये २७ जूनला गेलो होतो. त्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, कागद ठेवून घेतले आणि त्या तारखेपासूनचा दाखला दिला. पैशांचं अजून काही कळलेलं नाही.

टाइमऑफिस | १६ जुलै, रात्री ९:४०

तो दाखला ज्या दिवसांचा आहे त्यातल्या कुठल्या दिवसाला कंपनीने पीएल लावली ते बघा. ते दिवस वगळूनच पैसे येतील. एचआरकडून रजेचा तारीखवार तक्ता मागून घ्या.

सुईदोरा | १७ जुलै, दुपारी ३:५५

सगळं वाचून काढलं. माझं पण पुढच्या महिन्यात करायचं ठरतंय. मी शिलाई युनिटमध्ये नगावर काम करते. एचआर नाही, रजा नाही, शेठ आणि एक मुकादम. दिवसभर मशीनवर बसूनच काम. अर्ज कुणाला देऊ आणि उभं राहून करायचं काम कोणतं मागू?

सिस्टरताई | १७ जुलै, सायंकाळी ६:३०

बाळा, आधी सांग, कापून काढणार आहेत की बँड लावणार? दिवस त्यावर ठरतात. आणि तुमच्या युनिटमध्ये धागे कापणं, इस्त्री, घड्या घालणं हे कोण करतं?

सुईदोरा | १७ जुलै, रात्री ८:२०

बँड लावू म्हणालेत, दोन खेपेत. धागे कापायला आणि घड्यांना दोन मुली आहेत, त्या उभ्यानेच करतात. पण त्यांचा नगाचा दर माझ्या निम्माही नाही.

टाइमऑफिस | १७ जुलै, रात्री ९:०५

मुकादमाला नको, शेठला द्या, एका कागदावर, तारखा घालून. बँडला दिवस कमी लागतील, ते ताई सांगतील. पगाराची चिठ्ठी मिळते का? मिळत असेल तर त्यात ईएसआय कापतात का ते आधी बघून इथे लिहा.